एचआरकडून तक्रारीची पोच आली, पण त्यात कबूल काय केलंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावात उद्यमबाग, होनगा इकडच्या कारखान्यांत नाहीतर टिळकवाडी, कॅम्पातल्या ऑफिसांत कामाला असलेल्या मुली धीर करून लैंगिक छळाची तक्रार पाठवतात, एक-दोन दिवसांत बेंगळुरू नाहीतर पुण्याच्या हेड ऑफिसातनं इंग्रजी मेल येतो, आणि मग तो मेल व्हॉट्सअपवर टाकून विचारतात, "अक्का, हे चांगलं म्हणायचं की वाईट?" प्रत्येकीला वेगळं सांगत बसण्यापेक्षा इथं एकदाच लिहिते. मी वकील नाही, पण असले मेल वाचायचं काम बऱ्याच वर्षांपासून करते.

कुठल्या मेलबद्दल बोलायचंय?

नमुना घेऊया. खालचा मेल कुणा एकीचा नाही, बरेच मेल बघून जुळवलेला आहे, आणि मूळ इंग्रजीत असतो तो इथं मराठीत उतरवलाय. समजा उद्यमबागेतल्या एका कास्टिंग युनिटात अकाउंट्सला असलेली मुलगी आहे, डिस्पॅच मॅनेजर तिचा वरिष्ठ. त्याचं घाणेरडं बोलणं आणि अंगाला हात लावणं नोव्हेंबरपासून चाललंय, शेवटचा प्रकार 14 जानेवारीला झाला. तिनं 3 फेब्रुवारीला एचआरला मेल केला. 5 तारखेला हे उत्तर आलं:

> तुमचा 3 फेब्रुवारीचा मेल मिळाला. तुमचा कन्सर्न आमच्यापर्यंत पोचवल्याबद्दल धन्यवाद. कंपनी अशा बाबी अत्यंत गांभीर्यानं घेते आणि आमचं झिरो टॉलरन्स धोरण आहे. सदर बाब संबंधितांकडे पाठवण्यात आली असून तिच्यात योग्य ते लक्ष घातलं जाईल. तुमच्या रिपोर्टिंगबाबत काही तात्पुरती व्यवस्था करता येईल का ते तपासत आहोत. एचआर मॅनेजर तुम्हाला 6 फेब्रुवारीला सकाळी 11 वाजता फोन करतील, त्यांच्याशी बोलून सामोपचारानं मार्ग निघतो का ते बघू. तोपर्यंत ही बाब पूर्णपणे गोपनीय ठेवावी व कुणाशीही चर्चा करू नये.

वाचायला गोड आहे की ओ. आईला वाचून दाखवला तर आई म्हणेल, बरं झालं, ऐकलं त्यांनी.

मग ऐकलं नाही का?

ऐकलं की. पण मेल वाचताना प्रत्येक वाक्याला तीन गोष्टी विचारायच्या, कोण करणार, काय करणार, कधीपर्यंत. तिन्हीची उत्तरं ज्या वाक्यात आहेत ते वाक्य म्हणजे कबुली, बाकी सगळी हवा.

ह्या मेलात तशी एकच जागा आहे, ती म्हणजे फोन. एचआर मॅनेजर, 6 तारीख, 11 वाजता. आणि पहिलं वाक्य, मेल मिळाला, हे सुद्धा कामाचं आहे बरं, कारण 3 तारखेला तुमची लेखी तक्रार कंपनीच्या हातात होती हे त्यांनी स्वतः लिहून दिलंय. पुढं कधी "आम्हाला माहीतच नव्हतं" म्हणाले तर हे वाक्य दाखवायचं. म्हणून मेलाची प्रत ऑफिसबाहेर ठेवा, कारण कंपनीचं अकाउंट कधीही बंद होऊ शकतं. आपली तक्रार आणि तिचं उत्तर एवढंच स्वतःच्या जीमेलला पाठवा किंवा वरची तारीख-वेळ दिसेल असा फोटो काढून ठेवा, कंपनीच्या बाकी फायली मात्र पाठवू नका, उलट त्याचाच मुद्दा करतील.

"अत्यंत गांभीर्यानं" आणि "झिरो टॉलरन्स" सोडून द्या. हे वाक्य प्रत्येक मेलात असतं, त्यानं आनंदही मानू नका आणि चिडूही नका.

"कन्सर्न" लिहिलं काय आणि "तक्रार" लिहिलं काय, एवढं का धरून बसायचं?

कारण अख्ख्या मेलातली सगळ्यात महागाची जागा हीच आहे, आणि नेमकी ह्याच्यावरनं सगळ्या जणी पटकन पुढं जातात.

कामाच्या ठिकाणी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्ध 2013 चा कायदा आहे, ज्याला ऑफिसात सगळे पॉश म्हणतात. त्या कायद्यात तक्रार एचआरकडे करायची नसतेच, ती कंपनीनं ह्याचसाठी नेमलेल्या अंतर्गत समितीकडे करायची असते, आणि मुदत आहे तीन महिने, प्रकार एकामागून एक झाले असतील तर शेवटच्या प्रकारापासून. सबळ कारण असेल तर समिती कारण लिहून आणखी तीन महिन्यांपर्यंत वाढवू शकते, पण ते समितीच्या हातात, आपल्या नाही. आपल्या नमुन्यातल्या मुलीचे तीन महिने 14 एप्रिलच्या आसपास संपतात.

आता मेल परत वाचा. "कन्सर्न" म्हटलंय, "संबंधितांकडे पाठवली" म्हटलंय, पण अंतर्गत समिती हा शब्दच नाही, आणि पॉशचं नावसुद्धा नाही. "संबंधित" म्हणजे कोण? समिती असेल, प्लांट हेड असेल, नाहीतर तो डिस्पॅच मॅनेजरच असेल, तोही संबंधितच की! मुद्दाम केलंय असं मी म्हणत नाही, पुष्कळदा एचआरवाल्यांनाच नीट माहीत नसतं किंवा त्यांच्याकडं एकच साचा असतो, पगार उशिरा झाल्याच्या तक्रारीला पण हाच आणि ह्याला पण हाच. पण परिणाम एकच होतो. एचआर दोन महिने "लक्ष घालतं", दोघांना बोलावून विचारतं, मग निम्मा एप्रिल उलटला की "पुरावा आढळला नाही" असा मेल येतो, आणि ती समितीकडे गेली की समोरचा म्हणतो समितीकडे तक्रार मुदतीत आलीच नाही. एचआरला केलेला मेल समितीला केलेली तक्रार धरायचा का ह्यावर वाद होऊ शकतो, आणि तो वाद आपण कशाला ओढवून घ्यायचा, 5 फेब्रुवारीलाच एका मेलात तो मिटवता येतो.

शिवाय समितीकडे गेल्यावरच पुढची घड्याळं चालू होतात. नियमाप्रमाणे समितीनं तक्रारीची प्रत समोरच्याला सात कामाच्या दिवसांत पाठवायची, त्यानं दहा कामाच्या दिवसांत उत्तर द्यायचं, चौकशी 90 दिवसांत संपवायची, संपल्यावर दहा दिवसांत अहवाल कंपनीला द्यायचा आणि तो दोन्ही पक्षांना मिळाला पाहिजे, त्यावर कंपनीनं 60 दिवसांत कारवाई करायची. "योग्य ते लक्ष घालू" ह्याला ह्यातलं एकही घड्याळ नाही.

समिती आहे की नाही हेच माहीत नसेल तर?

जिथं दहा किंवा जास्त माणसं कामाला आहेत तिथं असलीच पाहिजे. आणि कंपनीची ऑफिसं वेगवेगळ्या ठिकाणी असतील तर प्रत्येक ठिकाणी वेगळी, म्हणजे "आमची समिती बेंगळुरूला आहे" एवढ्यावर उद्यमबागेतल्या युनिटची सुटका होत नाही. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची बाईच असते, निम्म्यापेक्षा कमी बायका चालत नाहीत, आणि एक सदस्य बाहेरचा असतो, म्हणजे बायकांसाठी काम करणाऱ्या संस्थेतला किंवा ह्या विषयातला जाणकार.

समिती नेमल्याचा आदेश सगळ्यांना दिसेल असा लावायचा असतो. टाइम ऑफिसजवळचा, पंचिंग मशीनपाशी असतो तो बोर्ड बघा, कँटीनचा बघा. सापडला तर फोटो काढा, नाही सापडला तरी रिकाम्या बोर्डाचा काढा. समितीच नेमली नसेल तर कंपनीला 50,000 रुपयांपर्यंत दंड आहे, आणि हे एचआरला चांगलं माहीत असतं, म्हणून "समितीच्या अध्यक्षांचं नाव कळवा" ह्या साध्या प्रश्नाला कधीकधी चार दिवस उत्तर येत नाही आणि मग अचानक कालच्या तारखेची समिती येते. असं झालं तर घाबरायचं नाही, बाहेरचा सदस्य कोण आहे तेवढं विचारायचं.

"तात्पुरती व्यवस्था तपासत आहोत" म्हणजे काहीतरी करूलागलेत ना?

असं वाटतं खरं, आणि वाट बघण्यात महिना जातो. प्रत्यक्षात गंमत अशी आहे की कायद्यात ही सोय तुम्ही लेखी मागितल्यावरच सुरू होते. चौकशी चालू असताना तुम्ही समितीला लिहून द्यायचं, समिती कंपनीला शिफारस करते, आणि शिफारस आली की कंपनीनं ती अमलात आणून समितीला कळवायचं. म्हणजे ते तपासत बसलेत आणि तुम्ही वाट बघताय, आणि कागदावर मागणीच नाही.

मागायचं काय तेही ठरलेलं आहे. तुमची किंवा त्याची बदली, तुम्हाला तीन महिन्यांपर्यंत रजा आणि ती तुमच्या हक्काच्या रजेतनं कापायची नाही, आणि तिसरं जे फार कमी जणी मागतात, की त्यानं तुमच्या कामाचा रिपोर्ट लिहायचा नाही, ते काम दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यायचं. फेब्रुवारीत तक्रार केलेल्या मुलीला ह्या तिसऱ्याची सगळ्यात जास्त गरज असते, कारण मार्चमध्ये अप्रेझल येतं.

बदली मागताना मात्र जपून. "मला इथनं हलवा" असं रागात लिहिलं तर ते तुम्हाला होनग्याच्या गोडाऊनला टाकतील आणि वर म्हणतील तिनंच मागितलं. काय पाहिजे ते नेमकं लिहा, मी आहे तिथंच राहीन, माझं रिपोर्टिंग बदला.

सामोपचाराचा फोन घ्यायचा का?

फोन घ्या, न घेतला तर "सहकार्य केलं नाही" असं लिहितात. पण फोनवर कशाला हो म्हणायचं नाही हे माहीत पाहिजे.

कायद्यात समेटाची सोय आहे. पण ती चौकशी सुरू होण्याआधी, समितीनं करायची, आणि तीही तक्रार करणाऱ्या बाईनं स्वतः मागितली तरच. एचआर मॅनेजरनं सुचवायची ती गोष्टच नाही. पैसे देऊन मिटवणं हा समेटाचा पाया असू शकत नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, समेट झाला की समिती पुढं चौकशी करत नाही. त्यामुळं "बघू मार्ग निघतो का" ह्या साध्या वाटणाऱ्या वाक्याला फोनवर "बरं, बघूया सर" म्हटलं की तिकडं कागदावर तक्रारदार समेटाला तयार असं लिहिलं जाऊ शकतं. आपल्याकडं मोठ्यांना तोंडावर नाही म्हणायची सवय नसते, "बरं" हे आपण नुसतं ऐकतोय सांगायला म्हणतो, पण मिटिंगच्या नोंदीत तसं दिसत नाही.

तर फोनवर एवढंच म्हणा, "सर, मी समेट मागितलेला नाही, मला समितीची चौकशी पाहिजे, बाकी मी लेखी कळवते." फोन ठेवला की त्याच दिवशी मेल टाका, फोन किती वाजता झाला, त्यांनी काय विचारलं, मी काय सांगितलं, चार ओळी. तुमचं मन खरंच समेटाचं असेल, माफी आणि शिफ्ट बदल एवढ्यावर भागतंय असं वाटत असेल, तर तेही चुकीचं नाही, फक्त ते समितीकडे लेखी मागा, काय ठरलं त्याची प्रत घ्या.

"कुणाशीही चर्चा करू नये" लिहिलंय, मग बहिणीला सांगितलं तर माझ्यावर कारवाई होईल?

नाही. कायद्यातली गोपनीयता ही तक्रार, नावं, चौकशीतला मजकूर लोकांत, पेपरात, मीडियात जाऊ नये म्हणून आहे. म्हणजे फेसबुकला पोस्ट टाकू नका, गावच्या ग्रुपवर त्याचा फोटो टाकू नका. पण घरचं माणूस, डॉक्टर, वकील, पोलीस ह्यांच्याशी बोलायला त्यानं बंदी येत नाही. दंडाचं कलम तर तक्रार हाताळणाऱ्यांसाठी आहे, म्हणजे ह्या वाक्याचा खरा भार एचआरवरच आहे, आणि मेलात गंमत बघा, तुम्ही गप्प राहायचं एवढं स्पष्ट लिहिलंय, पण तुमची तक्रार तिकडं कुणाकुणानं वाचली ते कुठंच नाही. उलटा प्रश्न विचारायचा: ही तक्रार आत्तापर्यंत कुणाकुणाला पाठवली?

पोलिसांचा रस्ता वेगळा उघडाच आहे. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 75 लैंगिक छळाला लागतं, आणि तुम्हाला गुन्हा नोंदवायचा असेल तर कंपनीनं मदत करायची असं पॉश कायदाच सांगतो.

उत्तरात लिहू काय? मला मोठं लिहायला येत नाही.

मोठं लिहूच नका. पहिल्या तक्रारीत जे सांगायचं ते सांगून झालंय, आता फक्त मोकळ्या जागा भरून घ्यायच्यात. फोनच्या आधी, म्हणजे 5 तारखेलाच, असं काहीतरी:

> 3 फेब्रुवारीची माझी तक्रार मिळाल्याचं कळवल्याबद्दल आभार. ही तक्रार 2013 च्या लैंगिक छळ प्रतिबंध कायद्याखाली अंतर्गत समितीसाठी आहे. ती समितीकडे कुठल्या तारखेला दिली, समितीच्या अध्यक्ष व बाहेरच्या सदस्य कोण आहेत, आणि 90 दिवसांची मुदत कुठल्या तारखेपासून धरली आहे, हे कृपया 10 फेब्रुवारीपर्यंत कळवावं. मी समेटाची मागणी केलेली नाही. चौकशी होईपर्यंत माझं रिपोर्टिंग व कामाचं मूल्यमापन दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यावं, ही माझी समितीकडे लेखी मागणी समजावी. सही केलेल्या तक्रारीच्या प्रती, कागदपत्रं व साक्षीदारांची यादी मी समितीकडे देत आहे.

शेवटचं वाक्य नुसतं लिहून थांबू नका. नियमात तक्रारीच्या सहा प्रती द्यायच्या असतात, कागदपत्रं आणि साक्षीदारांच्या नाव-पत्त्यासकट. झेरॉक्स काढा, द्या, आणि एका प्रतीवर तारीख घालून सही-शिक्का घ्या. घेत नसतील तर स्पीड पोस्टनं अध्यक्षांच्या नावानं पाठवा.

मराठीत लिहिलं तर चालतं का? हेड ऑफिसला कुणाला वाचता येत नाही.

कायद्यात भाषेची अट नाही. जे घडलं, तो नेमकं काय बोलला, ते ज्या भाषेत बोलला त्याच भाषेत लिहा, मराठी असो, कन्नड असो, आणि खाली साध्या इंग्रजीत अर्थ द्या. घाण शब्द इंग्रजीत फिरवून लिहिले की ते मवाळ होतात आणि समितीला वाटतं एवढं काय त्यात. पण उत्तर मागणारा छोटा मेल मात्र इंग्रजीतच पाठवा, "समजलं नाही" म्हणायला जागा ठेवू नका.

मी चंदगडहून येऊन-जाऊन करते, मग महाराष्ट्र की कर्नाटक?

काम बेळगावात, तर सगळं बेळगावचं. कायदा केंद्राचा आहे, दोन्हीकडे तोच. पोलिसांत मात्र गुन्हा कुठल्याही ठाण्यात सांगता येतो, हद्दीचं कारण सांगून परत पाठवायचं नसतं.

आमच्यात सहाच माणसं आहेत, किंवा तक्रार मालकावरच आहे. तर?

मग पोच येईल ती मालकाच्या मेव्हण्याकडूनच, तिला काय वाचायचंय! दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार मालकावर असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते, तिकडं जायचं. डीसी ऑफिस किंवा महिला व बालविकास खात्यात चौकशी करा, नाहीतर केंद्र सरकारच्या शी-बॉक्स पोर्टलवर ऑनलाइन टाका. निपाणी, खानापूरकडच्या लहान कारखान्यांत, दुकानांत हाच रस्ता. तीन महिन्यांची मुदत इथं पण तीच.

साहेब नुसता ओरडतो, अपमान करतो, तसलं काही नाही. किंवा तक्रार करणारा पुरुष आहे. हेच लागू?

पॉश नाही लागत, तो बायकांच्या लैंगिक छळापुरता आहे. कोण, काय, कधीपर्यंत हे वाचणं तेच, पण तारखा कंपनीच्या स्वतःच्या पॉलिसीतनं घ्याव्या लागतात, म्हणून आधी पॉलिसीची प्रत मागा.

दुसरा मेल आला, आता सगळं नीट लिहिलंय. झालं ना?

बघूया. समजा 10 तारखेला असं आलं: तक्रार 7 फेब्रुवारीला अंतर्गत समितीकडे दिली, अध्यक्षांचं नाव असं, बाहेरच्या सदस्यांचं असं, समोरच्या व्यक्तीला प्रत 12 तारखेपर्यंत जाईल, 11 तारखेपासून तुम्ही प्लांट हेडना रिपोर्ट कराल, चौकशी शक्य तितक्या लवकर पूर्ण केली जाईल.

हा मेल पहिल्यापेक्षा खूपच बरा आहे. नावं आली, तारखा आल्या, मुदतीचा वाद मिटला. तरी तीन जागा अजून ढिल्या आहेत. "शक्य तितक्या लवकर" लिहिलंय, तिथं 90 दिवस पाहिजेत, आणि ते कधीपासून मोजले हे तुम्ही विचारलं होतं त्याला उत्तर नाही. 3 फेब्रुवारीपासून धरले तर 4 मेला संपतात, 7 पासून धरले तर 8 मेला, फरक थोडा असला तरी तारीख लिहून घ्या, कारण मे महिन्यात सुट्ट्या, लग्नं, कुणी ना कुणी सदस्य गावाला. दुसरं, प्लांट हेडना रिपोर्टिंग कधीपर्यंत ते नाही. चौकशी संपेपर्यंत की आठ दिवस? आणि तिसरं, तुम्ही रिपोर्टिंग आणि मूल्यमापन दोन्ही मागितलं होतं, त्यांनी फक्त रिपोर्टिंग दिलंय. रोजचं काम प्लांट हेड बघणार पण मार्चच्या अप्रेझल फॉर्मवर सही त्याच डिस्पॅच मॅनेजरची, असं होऊ शकतं, वर्षाचे दहा महिने तो तुमचा साहेब होता म्हणून. तेव्हा लगेच दोन ओळींचा मेल टाका: ह्या वर्षीच्या माझ्या अप्रेझलवर कोण सही करणार, ते नाव कळवा.